मागची खिडकी आणि पाच रेघा

फिकट पेन्सिलीची, पट्टी न लावता मारलेली रेघ दिसली की माझं नख अजूनही दातांखाली जातं. लाल शाईचं काही वाटत नाही. पुढे मी स्वतःच आयुष्यभर लाल शाई वापरली. पण तसली रेघ पाहिली की मी पुन्हा दोन वेण्या घातलेली, नखं कुरतडणारी, नुकती इंटर पास झालेली मुलगी होते.

पन्नासचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. आम्ही बेंगळूरला शिवाजीनगरात राहायचो. हे नाव तेव्हा नवं होतं, म्हातारी माणसं अजून ब्लॅकपल्लीच म्हणायची. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले, असं घरात सांगत. घोडे गेले, तलवारी गेल्या, सुई तेवढी राहिली. माझे वडील, म्हणजे अण्णा, कोट शिवायचे. पुढच्या खोलीत दुकान आणि मागे दोन खोल्यांत आम्ही तिघं: अण्णा, माझी मोठी बहीण अक्का आणि मी. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

अक्का मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. माझं इंग्रजी सगळं तिच्या हातचं. तिची पद्धत अशी की कुठलंही वाक्य समोर आलं की पहिला प्रश्न, "कर्ता कुठाय?" आणि दुसरा, "क्रियापद कुठाय?" कर्त्याखाली एक रेघ मारायची, क्रियापदाखाली दोन. दोन्ही सापडले तर वाक्य, नाही तर ते खोडायचं. स्वयंपाक करताकरता ती मला वाक्यं टाकायची आणि मी भिंतीला टेकून, एका पायावर उभी राहून, ती फोडायची. एका जागी बसून मी काही शिकले असेन असं मला आठवत नाही.

मला इंग्रजी ऑनर्सला जायचं होतं. जागा मोजक्याच. कॉलेजात त्यासाठी हॉलमध्ये बसवून एक निबंध लिहून घ्यायचे, मग विभागाचे मुख्य प्राध्यापक एकेकाला बोलावून बोलायचे आणि ठरवायचे. जागा मिळाली नाही तर माझ्यासाठी ट्रेनिंग स्कूल तयारच होतं. अक्कानं तिथल्या बाईंशी बोलून ठेवलं होतं. तिथून निघालं की अक्काच्याच शाळेत, अक्काच्याच स्टाफरूममध्ये, बहुतेक तिच्या शेजारच्या खुर्चीवर. अक्काला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. मला ती खुर्ची स्वप्नात यायची आणि मी घामानं ओली होऊन उठायची.

निबंधाचा विषय निघाला, 'माझ्या गल्लीतली सकाळ'. मला इतका आनंद झाला की मी अक्काला विसरले. गल्लीत सकाळी जे होतं ते जसं होतं तसं कागदावर उतरत गेलं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा वाचून बघायलाही सवड राहिली नव्हती.

त्या आठवड्याच्या शेवटी ऑफिसातल्या कारकुनानं कागद परत दिले. "सोमवारी हे घेऊन सरांना भेटा," एवढंच म्हणाला. कागदावर मार्क नव्हते, शेरा नव्हता. फक्त पाच ठिकाणी शब्दांखाली पेन्सिलीची रेघ. माझ्या पुढच्या मुलीच्या कागदावर आठ-नऊ होत्या, ती तिथेच रडायला लागली. मी रडले नाही, पण बस येईपर्यंत थांबवेना म्हणून चालत घरी आले.

रेघ म्हणजे चूक. हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. पाटीपासून इंटरपर्यंत शब्दाखाली मास्तरांनी काढलेल्या रेघेचा दुसरा अर्थ आम्ही पाहिलाच नव्हता. बरोबर असलेल्याखाली कुणी रेघ मारतं का?

अक्कानं कागद हातात घेतला, पाचही रेघा बोटानं मोजल्या आणि कपाळावर हात मारला.

"अगे, एकाही ठिकाणी क्रियापदाचा पत्ता नाही. हे शिकवलं मी तुला?"

"चौथ्यात आणि पाचव्यात आहे," मी म्हणाले.

"ती तर अर्धीच वाक्यं आहेत. त्याहून वाईट."

त्या पाच जागा मला आजही पाठ आहेत. मी लिहिलं होतं की पहाटे माझी बहीण दोन घागरी घेऊन नळावर जाते. मग, 'नो वॉटर.' मग ती परत येते आणि कुणाशी न बोलता पुन्हा आडवी होते. ही पहिली. दुसरी शिवणयंत्रांची. आमच्या गल्लीत आठ वाजले की दर दुसऱ्या घरातून यंत्र सुरू व्हायचं. मी लिहिलं होतं, 'देन द मशीन्स. ऑल डाउन द स्ट्रीट, द मशीन्स.' तिसरी गवळ्याची. तो गाय दारात आणून सगळ्यांशी भांडायचा, त्यावर, 'द मिल्कमॅन बीइंग अ मॅन ऑफ बॅड टेम्पर.' आणि डोळ्यांदेखत काढलेल्या दुधातही पाणी कसं असतं, याचं वर्णन करून चौथी, 'विच एव्हरीबडी इन द स्ट्रीट नोज.'

पाचवी शेवटच्या परिच्छेदात होती. 'माझे वडील मागची खिडकी उघडत नाहीत,' असं लिहून मी पूर्णविराम दिला होता. पुढे नवीन वाक्य, 'बिकॉज माय मदर युज्ड टू ओपन इट.' म्हणजे, कारण ती आई उघडायची.

रविवारी दुपारी अक्कानं कोरे कागद घेतले आणि दुरुस्तीला बसली. मी खोलीभर येरझाऱ्या घालत होते.

"स्वल्प शांत बस की गे. डोळ्यापुढं नाचू नको."

"पहिलं बदलू नको, अक्का. पाणी नाही म्हणजे नाही. त्यात 'देअर वॉज' कशाला?"

"कारण ते व्याकरण आहे."

"अण्णा कोटाला मागं चीर ठेवतात. ती काय उसवलेली असते?"

मला वाटलं, आता निरुत्तर होईल. अक्कानं मान वर न करता उत्तर दिलं, "ती चीर दोन्ही बाजूंनी दुमडून शिवलेली असते. तुझी कुठं शिवलीय दाखव."

मला दाखवता आलं नाही, म्हणून मी चिडले. आपल्याला एखादी गोष्ट दिसतेय आणि बोलता येत नाहीये, यासारखा वैताग नाही. मी दुकानात गेले, बटणांचा डबा उगाच चाळला, अण्णांनी "काय गे झालं?" विचारलं तर "काही नाही" म्हणून परत आले. तोवर अक्का चार जागा दुरुस्त करून पाचवीवर पोचली होती आणि तिचा टाक थांबला होता.

बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. आमच्या घरात त्या खिडकीबद्दल कुणी बोलत नसे. आई रोज सकाळी ती उघडायची, पलीकडच्या अंगणातल्या बायकांशी दोन शब्द बोलायची आणि मग चूल पेटवायची. ती गेल्यावर खिडकी बंद झाली ती झालीच.

"हे कशाला लिहिलंस?" अक्कानं विचारलं.

"आलं लिहिताना."

टाक दौतीत बुडवून तिनं लिहिलं, 'माझी आई मागची खिडकी उघडत असे, म्हणून माझे वडील ती उघडत नाहीत.' इंग्रजीत, एका दमात, 'ॲज'नं सुरू होणारं निर्दोष वाक्य. मग कागदावर टीपकागद दाबून ती उठली आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

सोमवारी मी दहाच्या आधीच जाऊन प्राध्यापकांच्या खोलीबाहेर उभी राहिले. आत एक मुलगा होता. मधूनमधून त्याचा आवाज वर जायचा आणि लगेच बंद व्हायचा. मी खांबापासून खांबापर्यंत किती फेऱ्या मारल्या देव जाणे, शेवटी शिपाई म्हणाला, "अम्मा, फरशी झिजेल."

प्राध्यापक म्हैसुरी फेटा आणि बंद गळ्याचा कोट घालायचे. कोटाचा डावा खांदा किंचित वर शिवला गेला होता, हे मला भीतीतही दिसलं. ते इंग्रजीतच बोलायचे, त्यामुळे मला 'तू' म्हणत होते की 'तुम्ही', हे सांगता येत नाही. त्यांचा आवाज 'तुम्ही'चा होता.

मी अक्काची प्रत पुढे केली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"दुरुस्ती माझ्या बहिणीनं केली, सर. ती शिक्षिका आहे."

"त्यांना सांगा, यात एकही चूक नाही." त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. "पण दुरुस्त करायला मी सांगितलं नव्हतं. मूळ कागद कुठे आहे?"

मी तो पिशवीतून काढला. टेबलावर जरा जोरातच ठेवला. खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त होता. अक्कानं अख्खी दुपार घातलेला कागद त्यांनी एका घडीत बाजूला सारला होता.

"मी फक्त वाक्य पूर्ण नाही तिथं रेघ मारली आहे," ते म्हणाले. "चूक आहे असं म्हटलेलं नाही. रेघ बघून ते कळत नाही. लिहिणाऱ्याला विचारावं लागतं. पहिली घ्या. आधी ती पूर्ण करून सांगा, मग ती पूर्ण करावी की नाही ते सांगा."

"देअर वॉज नो वॉटर," मी म्हणाले. "पण बाकी सगळं वर्तमानात आहे, म्हणजे देअर इज. पूर्ण करू नये, सर."

"का?"

"बहीण तिथं पोचते आणि नळ कोरडा असतो. तिला तेवढंच दिसतं. आधीचं वाक्य पूर्ण आहे, पुढचंही पूर्ण आहे. मध्ये काय गाळलंय ते कुणालाही कळतं." बोलताना माझ्या लक्षात आलं की ही चीर दोन्ही बाजूंनी शिवलेली होती. अक्काला काल हे सांगता आलं असतं तर!

यंत्रांच्या जागी मला फार बोलावं लागलं नाही. त्यांनी मला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली, मग अक्काची, ज्यात यंत्रं 'सुरू होतात' आणि 'ऐकू येतात'. दुसऱ्यांदा वाचताना माझं मलाच हसू आलं. त्यांनी दोन्ही जागांच्या रेघा खोडरबरानं पुसल्या.

"गवळी."

"तो मुद्दामच आहे, सर," मी जोरात म्हणाले. दोन जिंकल्यामुळे मी फुगले होते.

"बरं. पूर्ण करून सांगा."

"पूर्णच आहे ना, सर? बीइंग हे क्रियापद..." तोंडातून शब्द गेला आणि मी जीभ चावली. अक्का समोर असती तर चिमटा बसला असता. 'बीइंग' एकट्यानं वाक्य पेलत नाही, तिथं 'इज' हवं. काय गाळलं आहे हेच मला ठाऊक नव्हतं, आणि जे गेल्याचं ठाऊक नाही ते मुद्दाम गाळलं, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

"चूक," मी म्हणाले.

"चूक," तेही म्हणाले, आणि रेघेवर आणखी एक रेघ ओढली. चौथ्या जागी मी थोडी झटापट केली. 'विच' तोडल्यानं जोर येतो, असं म्हणून पाहिलं. त्यांनी ते मागच्या वाक्याला स्वल्पविरामानं जोडून वाचलं, मग तोडून वाचलं. जोडलं तर काही हरवत नव्हतं, तोडलं तर वाचणारा उगाच ठेचकाळत होता. मी मान हलवली. दोन मुद्दाम, दोन चुका. आता सगळं पाचवीवर होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी खुर्चीच्या अगदी कडेला आले होते.

ते मात्र मागे टेकून बसले.

"ही विचारायची खरं तर गरज नाही," ते म्हणाले. "खिडकी उघडत नाहीत, इथं तुम्ही थांबलात. वाचणाऱ्याला वाटतं, खिडकी बिघडली असेल. मग कारण एकटं येतं. जोडून लिहिलं असतं तर इंग्रजीत घोटाळाही झाला असता: आई उघडायची म्हणून उघडत नाहीत, की उघडत नाहीत पण त्याचं कारण आई नव्हे, दोन्ही अर्थ निघतात. तुम्ही तो टाळलात. या एका ओळीसाठी मी तुमचा कागद बाजूला काढून ठेवला होता. हे मुद्दाम केलंत ना?"

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एवढा सोपा प्रश्न माझ्या आयुष्यात मला कुणी विचारला नव्हता. हो म्हटलं की जागा माझी, अक्काशेजारची ती खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी. पंखा फिरत होता, पायाचा अंगठा चपलेत घट्ट रुतला होता, आणि मला कळत होतं की मी 'हो' म्हणणार नाही. कारण ती ओळ आईची होती. गवळ्याबद्दल मी थाप मारली असती.

"नाही, सर."

त्यांनी भुवया उंचावल्या.

"मी मुद्दाम थांबले नव्हते. उघडत नाहीत, असं लिहिलं आणि ते संपलं असं वाटलं. मग कारण आलं, ते लिहिलं. आमच्या घरी मराठी बोलतात. मराठीत 'कारण' म्हणून नवं वाक्य सुरू केलं तर ते अर्धं नसतं. मी मनात मराठीत बोलले आणि हातानं इंग्रजीत लिहिलं. माझी बहीण शाळेत हीच चूक रोज खोडते."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग एकदम कन्नडमध्ये म्हणाले, "याकंद्रे." म्हणजे कारण. "आमच्या घरीही तसंच. याकंद्रे म्हटलं की आमचंही नवं वाक्य सुरू होतं." आणि पुन्हा इंग्रजीत, "म्हणजे ही चूक आहे."

"हो, सर."

"आता कळल्यावर दुरुस्त करणार?"

मी अक्काची घडी घातलेली प्रत हातात धरली होती. तिच्यात तेच वाक्य होतं, निर्दोष, आणि ते लिहिताना अक्का किती वेळ थांबली होती हे त्यात कुठंच दिसत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "आता राहू दे."

त्यांनी खोडरबर उचललं आणि पाचवी रेघ पुसली. सावकाश, कागद चुरगळणार नाही असं. "जुलैत वर्ग सुरू होतात," ते म्हणाले. "पहिल्या तासाला उशीर चालत नाही मला. आणि तो 'बीइंग' पुन्हा दिसला तर बाहेर उभी करीन."

बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले. स्टँडवर अक्का थांबलेली दिसली. शाळा अर्धी टाकून आली होती, असं तिनं आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही. जागा मिळाली का, हे तिनं आधी विचारलंच नाही.

"खिडकीचं काय झालं?"

"तसंच ठेवलं."

"चूकच ना ती?"

"चूकच. त्यांनाही सांगितलं मी. आणि अक्का, तुझ्या कागदात एकही चूक नाही, असं म्हणाले ते."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. "एकही नाही," ती म्हणाली, आणि मग, "मिळाली म्हणजे जागा?" मी मान हलवली तेव्हा तिनं भर स्टँडवर माझी वेणी ओढली. मी बारा वर्षांची असल्यासारखी. ती आनंदात होती आणि तिला वाईटही वाटत होतं. दोन्ही मला दिसलं.

घरी अण्णा यंत्रावर होते. त्यांना इंग्रजी यायचं नाही, पण सगळं ऐकायचं असायचं. "काय लिहिलंस म्हणून घेतलं तुला?" त्यांनी विचारलं. मी अक्काकडे पाहिलं, अक्कानं माझ्याकडे. शेवटी तीच बोलली, आणि बोलायला फक्त मराठी होतं.

"तिनं लिहिलं, अण्णा मागची खिडकी उघडत नाहीत. कारण आई उघडायची."

मराठीत ते अर्धं वाटलं नाही. यंत्राचं चाक थांबलं. अण्णांनी दोरा तोडला, सुईखालचं कापड सारखं केलं, आणि चष्म्यावरून आम्हा दोघींकडे पाहिलं.

"काहीही लिहिता गे तुम्ही," ते म्हणाले. "कडी गंजलीय तिची. म्हणून उघडत नाही."

आणि यंत्राला रोजचं तेल घालायला त्यांनी हाताजवळची कुपी उचलली.